टोलनाक्याजवळ राहणाऱ्यांना टोल माफ असतो का?

"घरापासून टोलनाका १२ किमीवर. कामाला रोज कारने ये-जा. स्थानिक म्हणून टोल माफ होईल का?"

माफ होत नाही, पण राष्ट्रीय महामार्गावर स्थानिकांचा मासिक पास मिळतो आणि तो तुम्ही नक्की काढा. २००८ च्या टोल नियमांनुसार नाक्यापासून २० किमीच्या आत राहणाऱ्यांच्या खाजगी, बिगरव्यावसायिक गाडीला हा पास आहे. २०२५-२६ साठी दर महिना ३५० रुपये. समजा एका वेळचा टोल ८० रुपये आहे. चोवीस तासांत परत आलात तर दीडपट, म्हणजे १२० रुपये. २५ दिवसांचे झाले ३,०००.

आरसी, पत्त्याचा पुरावा आणि फास्टॅग घेऊन नाक्याच्या ऑफिसात जा. पास टॅगला जोडला गेला की नाही, हे पहिल्याच फेरीत बघा. बँकेचा ८० रुपये कापल्याचा मेसेज आला, तर जोडणी झालेली नाही; लगेच ऑफिसात दाखवा, नाहीतर १०३३ वर तक्रार नोंदवा.

पास फक्त त्याच नाक्यावर चालतो. आणि तिथे सर्व्हिस रोड किंवा पर्यायी रस्ता असेल, तर नियमाप्रमाणे पास नाकारता येतो.