‘पाच वर्षांपासून’ आणि सिन्स

प्रश्न : ‘ही हॅज वर्क्ड इन लातूर सिन्स फाइव्ह इयर्स’ हे माझे वाक्य परीक्षेत चुकीचे ठरले. ‘पाच वर्षांपासून’ यातल्या ‘पासून’ला सिन्स का चालत नाही?

उत्तर : या चुकीचे मूळ ‘सिन्स म्हणजे पासून’ आणि ‘फॉर म्हणजे साठी’ या पाठ करून घेतलेल्या जोड्यांत आहे. नांदेडपासून बीडपर्यंतच्या शिकवण्यांत त्या अजूनही घोकून घेतल्या जातात, याचा मला मनापासून राग येतो. मराठीत ‘१९८२ पासून’ आणि ‘चाळीस वर्षांपासून’ ही दोन्ही रूपे सर्रास चालतात. म्हणजे आपला ‘पासून’ आरंभाचा क्षणही दाखवतो आणि लोटलेला काळही. सिन्स मात्र यांतले पहिलेच काम करतो.

याचे कारण त्या शब्दाच्या जन्मातच आहे. जुन्या इंग्रजीत तो साधारण ‘सिथ्थान’ असा होता आणि त्याचा अर्थ होता ‘त्यानंतर’. पुढे त्याला ‘स’ हा प्रत्यय जडून ‘सिथेन्स’ झाले व ते आकसून सिन्स उरले. हाच ‘स’ वन्स आणि हेन्स यांच्याही शेवटी आहे. त्याच मुळाचा जर्मन भाऊ ‘झाइट’ आपल्या ‘पासून’सारखा दोन्ही कामे करतो, आणि म्हणूनच इंग्रजी शिकणारे जर्मनही नेमकी हीच चूक करतात. तेव्हा सिन्सचा अर्थ ‘पासून’ असा न शिकवता ‘त्यानंतर आजवर’ असाच शिकवावा, हे माझे ठाम मत आहे. ‘१९८२ नंतर आजवर’ याला अर्थ आहे. ‘पाच वर्षांनंतर आजवर’ याला नाही.

लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झाला. म्हणून ‘लातूर हॅज बीन अ सेपरेट डिस्ट्रिक्ट सिन्स १९८२’ हे बरोबर, आणि तीच गोष्ट काळ मोजून सांगायची तर ‘फॉर मोअर दॅन फोर्टी इयर्स’. इथे ‘हॅज बीन’ऐवजी ‘इज’ लिहिणे ही दुसरी चूक. मराठीत ‘आहे’ या वर्तमानकाळावर भागते, म्हणून ती होते.

‘आकडा दिसला की फॉर’ ही मार्गदर्शकांतली युक्ती तर निव्वळ दिशाभूल आहे, कारण १९८२ हाही आकडाच आहे. ‘लास्ट’ दिसला की सिन्स लिहिणारेही असेच फसतात : ‘सिन्स लास्ट इयर’ बरोबर, कारण ते मागचे एक ठरावीक वर्ष आहे, ‘गेली दोन वर्षे’ हा मात्र लांबीने मोजलेला काळ, म्हणून ‘फॉर द लास्ट टू इयर्स’. तुमच्या वाक्यातही पाच वर्षे मोजलेली आहेत, म्हणून तिथे ‘फॉर फाइव्ह इयर्स’ हवे. फक्त त्यातला ‘हॅज’ गाळू नका, कारण ‘ही वर्क्ड इन लातूर फॉर फाइव्ह इयर्स’ म्हटले, की वाचणारा तो आता लातुरात नोकरीला नाही असे समजेल.