सात वर्षांच्या गॅपनंतर व्यासपीठावर: वक्त्याचा परिचय कसा लिहावा

प्रश्न: मी भुसावळची, इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर. २००९ ते २०१७ ठिबकच्या कंट्रोलरचं फर्मवेअर लिहिलं. मग मुलगा लहान, सासूबाई अंथरुणाला, म्हणून घरी. २०२४ पासून जळगावात पुन्हा तेच काम. आता पुण्यात कॉन्फरन्समध्ये बोलायचंय आणि आयोजकांना तृतीय पुरुषी, ८० शब्दांच्या आत परिचय हवाय. मी लिहिलं: ‘सौ. अमुक पाटील या १५ वर्षांहून अधिक अनुभव असलेल्या उत्साही इंजिनिअर असून कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे घेतलेल्या विश्रांतीनंतर त्या नव्या उमेदीने पुनरागमन करत आहेत.’ बरोबर वाटतं का?

उत्तर: ताई, ‘विश्रांती’ आधी काढा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करताना कसली विश्रांती?

मीही पाच वर्षं घरी होते. परतल्यावर पहिल्याच भाषणाच्या परिचयात असंच ‘नव्या उमेदीने’ लिहिलं होतं. बोलले पंपाच्या प्रेशर सेन्सरवर, आणि पहिला प्रश्न आला, “मॅडम, घर आणि हे कसं सांभाळता?” दुसराही तसलाच. सेन्सरबद्दल कुणी विचारलंच नाही. दोष लोकांचा नव्हता. निवेदकानं त्यांना जे ऐकवलं, त्यावरच त्यांनी विचारलं. परिचयातलं पहिलं वाक्य सभागृहाला विषय देतं, म्हणून तिथं तुमचं काम हवं.

तुम्ही कशावर बोलणार, ते तुमच्या आधीच्या पोस्टमध्ये वाचलं: वीज गेली की कंट्रोलरनं कुठून पुढं सुरू करायचं. दर मिनिटाला चालू व्हॉल्व्हचा नंबर ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, लिहिला आणि पंपाला रोज आठ तास वीज धरली, तर दिवसाला ४८० वेळा लिहिणं होतं. या मेमरीतल्या एका जागेची हमी साधारण एक लाख वेळा लिहिण्याची असेल, तर ती सात महिन्यांत संपते. इतकी नेमकी गोष्ट हाताशी असताना ‘उत्साही’ लिहायचं कशाला? आकडे भाषणासाठी ठेवा, पण प्रश्न परिचयात येऊ द्या.

आता ‘१५ वर्षांहून अधिक’. २००९ पासून आजपर्यंत मोजलं की हा आकडा येतो, पण त्यात सात वर्षं घरची आहेत. पुण्यात एखादा तुमच्या जुन्या टीमचा बसलेला असेलच. सरळ सालं द्या. २००९ ते २०१७ आणि २०२४ पासून, एवढं लिहिलं की मधला काळ दिसतो, लपवल्यासारखा वाटत नाही आणि कारणही सांगावं लागत नाही. त्या काळात घरच्या मळ्यातला कंट्रोलर तुम्हीच बघत असाल, तर तेवढं मात्र आवर्जून लिहा. ते कामच आहे. भाषणच ‘परत कशी आले’ यावर असतं, तर गोष्ट वेगळी. तेव्हा गॅप पहिल्या वाक्यात हवी.

माहेरच्या नावानं काही छापलं असेल, तर ते नाव द्यायला विसरू नका. परिचय वाचून लोक फोनवर शोधतात. ‘पाटील’ टाकलं तर २०१७ आधीचं काहीच सापडणार नाही, आणि आठ वर्षांचं काम वाया. ‘सौ.’ मात्र नको. पुरुष वक्त्यांच्या नावामागं कुणी ‘विवाहित’ लावत नाही.

मराठीत आणखी एक अडचण आहे, ती मोठ्यानं वाचल्यावर कळते. ‘त्या’ म्हणजे आदरार्थी तुम्ही, आणि ‘त्या संचांचं’ म्हटलं की तोच शब्द संचांना लागतो. निवेदक अडखळतो. क्रियापदातून आदर कळतोच, म्हणून ‘त्या’ शक्य तिथं गाळा. मी असं लिहीन (अमुक चौधरी हे माहेरचं नाव धरलंय, आणि बागांचा तपशील तुमचा तुम्ही तपासा):

> अमुक पाटील ठिबक संचाचे व्हॉल्व्ह चालवणाऱ्या कंट्रोलरचं फर्मवेअर लिहितात. वीज गेल्यावर पाणी देणं कुठं थांबलं होतं, हे मेमरी न झिजवता लक्षात कसं ठेवायचं, हा आजचा विषय. २००९ ते २०१७ रावेर-यावलच्या केळीबागांमधल्या कंट्रोलरवर काम केलं. २०२४ पासून जळगावात पुन्हा याच कामात आहेत. २०१७ आधीचं लेखन अमुक चौधरी या नावानं आहे. भुसावळला राहतात.

पन्नासेक शब्द झाले. ऐंशी भरायलाच हवेत असं नाही. कंपनीचं नाव मी मुद्दाम घातलं नाही. घालायचं असेल तर तिथं विचारून घाला, आणि जुन्या कंपनीतले ग्राहकांचे आकडे तर नकोतच.

‘सध्या’ हा शब्दही टाळा. तुमचा परिचय आयोजकांकडे पडून राहतो आणि पुढच्या वर्षी तोच कुणीतरी वाचून दाखवतो. ‘२०२४ पासून’ मात्र तेव्हाही खरंच असेल.

पाठवण्याआधी मुलाला मोठ्यानं वाचायला सांगा. तो जिथं अडेल, तिथं निवेदकही अडेल.