कंपनीच्या रोजच्या वागण्यावरून तिची संस्कृती कशी ओळखायची?

प्रश्न : एमबीएच्या सराव परीक्षेत कंपनीचे वर्णन देऊन 'ही कोणती संस्कृती?' असे विचारतात. क्लॅन की हायरार्की, हायरार्की की मार्केट, यात माझा हमखास गोंधळ होतो. नेमके काय पाहायचे?

उत्तर : मी रत्नागिरीत हाच विषय शिकवतो, आणि माझे बहुतेक विद्यार्थी नेमके याच जोड्यांत अडकतात. त्याचे कारण चौकटीतच आहे. क्लॅन, अ‍ॅडहॉक्रसी, मार्केट आणि हायरार्की हे चार प्रकार किम कॅमेरॉन आणि रॉबर्ट क्विन यांच्या मांडणीतले असून ती मांडणी दोन प्रश्नांवर उभी आहे : कंपनीचे लक्ष आतल्या कारभाराकडे आहे की बाहेरच्या बाजाराकडे, आणि ती माणसांना मोकळीक देते की कामावर ताबा ठेवते. लक्ष आत आणि मोकळीक असेल तर क्लॅन, लक्ष आत आणि ताबा असेल तर हायरार्की. लक्ष बाहेर आणि ताबा असेल तर मार्केट, लक्ष बाहेर आणि मोकळीक असेल तर अ‍ॅडहॉक्रसी. तुमच्या दोन्ही जोड्यांत एक उत्तर सारखे आणि एकच वेगळे आहे, म्हणून दोन्ही पर्याय पटतात.

वर्गात मी आंब्याचा पल्प डबाबंद करणाऱ्या कारखान्याचे कल्पित वर्णन देतो. हंगामात प्रत्येक बॅचचे तापमान ठरलेल्या वेळी नोंदवहीत चढते आणि पर्यवेक्षक त्यावर सही करतो. बॅच क्रमांक छापल्याशिवाय एकही डबा गोदामात जात नाही. नव्या कामगाराला आधी लेखी कार्यपद्धती समजावून देतात. आणि गणपतीत मालक सगळ्यांना घरी जेवायला बोलावतात. या शेवटच्या वाक्यामुळे पुष्कळ जण 'क्लॅन' लिहून मोकळे होतात. परंतु त्या जेवणाने कामातला एकही निर्णय ठरत नाही, आणि असे वाक्य बहुधा दिशाभूल करण्यासाठीच घातलेले असते.

अशा वेळी काम अडल्याचा एक प्रसंग मनाशी उभा करावा. एका बॅचच्या तापमानाची नोंद राहून गेली आहे, पल्प चवीला उत्तम आहे आणि माल न्यायला ट्रक दारात उभा आहे. हायरार्कीत ती बॅच बाजूला काढली जाते, कारण नोंद नाही म्हणजे मंजुरी नाही. मार्केटमध्ये पहिली विचारणा 'आजची ऑर्डर वेळेवर जाणार ना?' अशी होते. क्लॅनमध्ये त्या पाळीतली माणसे एकत्र बसतात आणि जुन्या कामगाराच्या अनुभवाला वजन मिळते. अ‍ॅडहॉक्रसीत कोणीतरी नोंदीची नवीच पद्धत सुचवतो आणि ती लगेच करून पाहण्याची त्याला मुभा असते. वर दिलेली वाक्ये यांपैकी कोणत्या प्रतिक्रियेकडे नेतात ते पाहिले, की उत्तर हायरार्की हेच येते.

हायरार्की आणि मार्केट या दोन्हींत शिस्त कडक असते, आणि वर्णनात आकडे आले की विद्यार्थी मार्केटकडे झुकतात. आकडा कशाचा आहे ते आधी तपासावे. किती बॅच नापास झाल्या हा आकडा आतला आहे. प्रतिस्पर्ध्याकडचे किती ग्राहक आपल्याकडे आले हा बाहेरचा. कॅमेरॉन आणि क्विन यांच्या प्रश्नावलीत एकंदर 6 बाबी आहेत. त्यांपैकी माणसांना एकत्र धरून ठेवणारी गोष्ट कोणती आणि यश कशाला म्हणतात, या दोन बाबी परीक्षेत सर्वांत जास्त उपयोगी पडतात. प्रत्येक बाबीत 100 गुण चार प्रकारांत वाटायचे असतात, म्हणजे शुद्ध एकाच प्रकारची कंपनी या मांडणीत गृहीतच धरलेली नाही; प्रश्नात विचारतात ती प्रमुख संस्कृती.

पर्याय मात्र आधी वाचावेत, कारण पॉवर, रोल, टास्क आणि पर्सन हे शब्द दिसले तर ती मांडणी चार्ल्स हॅंडी यांची आहे आणि तिथे निकष बदलतो. समजा मिरकरवाडा बंदरावर मासळीचा लिलाव चालू आहे आणि एका घरगुती कंपनीचा खरेदीदार प्रत्येक बोलीआधी शेठना फोन करतो. सगळे त्यांना काका म्हणतात, लेखी नियम जवळजवळ नाहीत, निर्णय झटपट होतात, पण काकांनी फोन उचलला नाही तर सुरमईची एक टोपलीही घेतली जात नाही. हॅंडींच्या मांडणीत ही सरळ पॉवर संस्कृती होय. कॅमेरॉन-क्विन यांच्याकडे एकाच व्यक्तीच्या हाती एकवटलेल्या सत्तेसाठी वेगळा रकाना नाही, आणि घरगुती जिव्हाळा पाहून इथे क्लॅन लिहिणे मला चुकीचे वाटते, कारण क्लॅनमध्ये माणसांचा निर्णयात सहभाग असतो. तो खरेदीदार तर साधा भावही स्वतः ठरवू शकत नाही.