इंग्लंडमध्ये तारीख उलटली तर काय करतात?

"ताई, मी सहाव्या महिन्यात बर्मिंगहॅमला येतेय. पुण्याच्या डॉक्टर म्हणतात चाळीस आठवडे झाले की कळा आणू. तिकडे म्हणे नुसती वाट बघत बसवतात?"

नुसती नाही बसवत गं, पण चाळिसावा आठवडा संपला म्हणून लगेच अ‍ॅडमिटही करत नाहीत. सगळं एनएचएसमधलं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेतलं सांगते. सगळं ठीक असेल तर इंडक्शन, म्हणजे उपाय करून कळा आणणं, साधारण ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर देऊ करतात, कारण त्यानंतर बाळाचा धोका हळूहळू वाढतो, ४२ नंतर जास्तच. बीपी, शुगर किंवा बाळाची वाढ कमी असेल तर आधीच ठरवतात. म्हणून तिसऱ्या महिन्यातल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट बरोबर आणच, दिवस त्यावरून मोजतात, पाळीवरून नाही. माझ्या दोन तारखांत सहा दिवसांचा फरक होता!

३९ आठवड्यांनंतर मिडवाइफ, म्हणजे बाळंतपण बघणारी प्रशिक्षित सुईण, स्वीपबद्दल विचारते. आतून तपासताना पिशवीच्या तोंडातून बोट घालून गोल फिरवते, पाणमोटेचं आवरण खालून सुटतं आणि कळा आपोआप सुरू व्हायची शक्यता वाढते. दुखतं, नंतर थोडं रक्त आणि मुरडा येतो, पण भळभळ रक्त गेलं किंवा पाणी गेलं तर लगेच फोन करायचा. नको असेल तर नाही म्हणता येतं. माझा पहिला स्वीप झालाच नाही, तोंड घट्ट बंद होतं, बोटच जाईना. चार दिवसांनी झाला, पण कळा काही आल्या नाहीत.

मग ४१ आठवडे २ दिवसांना अ‍ॅडमिट झाले. आधी बाळाच्या ठोक्यांचा पट्टा लावला, मग तोंड किती मऊ, किती आखूड, किती उघडलंय याचे मार्क काढले, त्याला बिशप स्कोअर म्हणतात. माझे ३ होते म्हणून तोंड मऊ करणाऱ्या औषधाची २४ तासांची पेसरी योनीत ठेवली (काही ठिकाणी गोळ्या किंवा फुगा वापरतात). दुसऱ्या दिवशी पाणमोट फोडण्याइतकं तोंड उघडलं, पण लेबर वॉर्डात बेड नव्हता, तिथेच चौदा तास गेले आणि मी रडकुंडीला आले. मग पाणमोट फोडली, कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनचं ड्रिप थोडं थोडं वाढवत नेलं. दहा मिनिटांत चारपर्यंत कळा हव्या असतात, माझ्या सहा यायला लागल्या आणि बाळाचे ठोके उतरले, तेव्हा मिडवाइफने ड्रिप बंद केलं, ठोके सावरल्यावर कमी वेगाने परत लावलं. ड्रिपच्या कळा जोरात येतात म्हणून मी एपिड्युरल, म्हणजे कमरेखालचं दुखणं थांबवणारं पाठीतलं इंजेक्शन घेतलं. अ‍ॅडमिट झाल्यापासून तिसऱ्या दिवशी पहाटे लेक झाली, नॉर्मल.

इंडक्शन नको म्हणालीस तर ४२ नंतर आठवड्यातून दोनदा ठोके आणि गर्भजल तपासायचं सुचवतात, पण त्यातून त्या घडीचंच कळतं, उद्याची खात्री मिळत नाही. आणि बाळाची हालचाल कमी वाटली तर पुढच्या तपासणीची वाट बघू नकोस, रात्रीचे दोन वाजले असले तरी मॅटर्निटीच्या नंबरवर त्याच क्षणी फोन कर.