ड्रॉइंग कोर्सचं सेल्स पेज: हुकपासून बटणापर्यंत

अरे तुझं पेज वाचलं, पहिलीच ओळ "घरबसल्या चित्रकला शिका", तिच्यावर सांगलीत कुणीच थांबत नाही बघ. आधी ठरव कुणाला विकतोयस, समज शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली, आता नोकरी करणारी चाळिशीतली ताई. मग हुक असा: "चेहरा काढला की एक डोळा वरच जातो?" स्वतःची चूक दिसली की माणूस खाली सरकतो.

लगेच तुझी सर्टिफिकेटं नकोत, ती नंतर. चूक का होते ते सांग, की आपण एक डोळा पूर्ण करूनच दुसऱ्याकडे जातो, चेहऱ्याची मधली उभी रेघ नि डोळ्यांची आडवी रेघ आधी आखतच नाही. एवढं फुकट शिकव, मग एकाच विद्यार्थ्याचं पहिलं नि सहाव्या आठवड्यातलं चित्र (परवानगी घेऊन हां), मग धडे, मग किंमत.

गॅरंटी किंमतीला चिकटून, कारण भीती तिथंच वाटते. "समाधान नाही तर पैसे परत" हे मोघम. असं लिही: 14 दिवसांत पहिले चार धडे बघा, दोन चित्रं पाठवा, फरक नाही वाटला तर मेसेज टाका, 1,499 रुपये पूर्ण परत. मी एकदा दहा चित्रं मागितली, तर लोक म्हणाले म्हणजे परत द्यायचेच नाहीत की!

शेवटच्या बटणावर "खरेदी करा" नको, "पहिला धडा आज सुरू करा" टाक, खाली किंमत नि गॅरंटी एका ओळीत परत. आणि रेकॉर्डेड कोर्सला "फक्त 3 जागा" लिहू नको राव, खोटं लगेच कळतं.