जूनमध्ये व्हेंडरला अ‍ॅडव्हान्स देताना टीडीएस कापला, आता जुलैत बिल आलंय, सिस्टीम परत पूर्ण बिलावर कापतेय, काय करू?

अ‍ॅडव्हान्स बिलाशी लिंक नाहीये, म्हणून होतंय. समजा भोसरीची एक फॅब्रिकेटर फर्म आहे, २ टक्के टीडीएस. जूनमध्ये ४०,००० अ‍ॅडव्हान्स, ८०० कापून ३९,२०० दिले, व्हेंडरला मात्र पूर्ण ४०,००० डेबिट. जुलैचं बिल १,००,००० अधिक जीएसटी १८,०००. जीएसटी वेगळा दाखवलाय म्हणून त्यावर टीडीएस नाही, आणि अ‍ॅडव्हान्स वजा करून उरलेल्या ६०,००० वर फक्त १,२०० कापायचे. एंट्री अशी पडेल, खर्च आणि जीएसटी मिळून १,१८,००० डेबिट, टीडीएस पेयेबल १,२०० क्रेडिट, व्हेंडर १,१६,८०० क्रेडिट, मग अ‍ॅडव्हान्स अ‍ॅडजस्ट केला की ७६,८०० द्यायचे राहतात. तिथं ७६,००० दिसले तर समजा ८०० दुसऱ्यांदा कापलेत.

खरी गंमत पुढेच आहे. जूनचे ८०० सात जुलैपर्यंत भरायचे, बिलाची वाट बघत बसलात तर महिन्याला दीड टक्का व्याज, आणि अर्धवट महिनाही पूर्ण धरतात. चलन भरलं की बीएसआर कोड, तारीख, चलन नंबर मॉड्यूलमध्ये त्याच कपातीच्या लाइनला जोडा, नुसती पेयेबल लेजरला बँक एंट्री मारून भागत नाही, कारण रिटर्न त्या लाइनवरून बनतं.

जून पहिल्या तिमाहीत आणि जुलै दुसऱ्या, म्हणजे सर्टिफिकेटं दोन निघतील, ट्रेसेसवरून, तेही रिटर्न भरल्यावरच. व्हेंडर फोन करून "दोन हजारांचं एकच द्या" म्हणेल, तसं मिळत नाही.