बाळ सांभाळायला बाई ठेवताना काय विचारायचं, काय तपासायचं

प्रश्न: माझी बाळंतपणाची रजा पुढच्या महिन्यात संपतेय. सहा महिन्यांच्या मुलीला सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेसहा सांभाळायला बाई बघतोय. पुण्यात राहतो, घरात मोठं माणूस नाही. मुलाखतीत नेमकं काय विचारायचं आणि विश्वास ठेवण्यासारखी आहे की नाही हे कसं कळतं?

उत्तर:

"लहान मुलं आवडतात ना?" हा प्रश्न विचारू नका. त्याला "नाही" म्हणणारी बाई अजून जन्माला यायची आहे. "आमच्या मुलीला नीट सांभाळाल ना?" हाही तसलाच. पुढे काय कराल हे विचारलं की वचनं मिळतात, मागे काय केलंत हे विचारलं की माहिती मिळते. म्हणून बहुतेक प्रश्न आधीच्या घराबद्दलचे ठेवा आणि एकाच घराबद्दल खोलात विचारा.

समजा ताई म्हणाल्या, "कोथरूडला दोन वर्षं होते, बाळ चार महिन्यांचं असताना लागले." इथे वर्षं मोजत बसू नका, बाळाबद्दल विचारा. तुम्ही लागलात तेव्हा बाळ काय खायचं? वरचं कधी सुरू झालं, पहिल्यांदा काय दिलं? चालायला कधी लागलं? काम सोडलंत तेव्हा काय काय बोलायचं? दोन वर्षं खरी असतील तर सोडताना ते मूल सव्वादोन वर्षांच्या पुढे असणार, म्हणजे धावणारं, हट्ट करणारं, शी-शू सांगायला शिकणारं. ताई सहज म्हणून गेल्या की "सोडलं तेव्हा नुकतं रांगायला लागलं होतं", तर ते काम फार तर पाच-सहा महिन्यांचं होतं. तारखा लोक पाठ करून येतात, बाळाची वाढ पाठ करून येणं अवघड असतं.

असा फरक सापडला म्हणून लगेच दार लावू नका. अनुभव फुगवून सांगायची सवय ऑफिसातल्या लोकांनाही असते. शांतपणे विचारा, "मग मधले दिवस कुठे होतात?" सासूचं आजारपण, स्वतःचं बाळंतपण, आधीच्या घरी पगारावरून झालेला वाद, काहीही निघू शकतं. मोकळेपणाने सांगितलं तर ठीक. दर वेळी गोष्ट बदलत गेली तर थांबा.

कामाचे तीन प्रश्न मात्र जरूर विचारा. पहिला: "दुपारी बाळ झोपतच नसेल तर काय करता?" खांद्यावर घेते, झोका देते, गाणं म्हणते, गॅलरीत फिरवते, ही नेहमीची उत्तरं. जायफळ उगाळून चाटवते, गुटी देते किंवा सर्दीच्या औषधाचं एक टोपण देते, असं आलं तर तिथेच थांबून बोला. जायफळाची सवय पिढ्यांची आहे, त्यामागे वाईट हेतू असेलच असं नाही. पण तुमच्या घरी फोन केल्याशिवाय बाळाच्या तोंडात औषध किंवा घरगुती उपाय जाणार नाही, हे त्यांना पटतंय का ते बघा. मधाचं बोट तर वर्षाच्या आत अजिबात नको.

दुसरा: "बाळ कधी पडलं होतं का? तेव्हा काय केलंत?" मुलं सांभाळलेल्या बाईच्या हातून बाळ एकदाही धडपडलं नाही, हे जरा अवघडच. "हो, पलंगावरून पडलं होतं, लगेच ताईंना फोन केला" हे उत्तर "कधीच नाही" पेक्षा कितीतरी भरवशाचं.

तिसरा: "भरवताना घशात अडकलं तर?" बहुतेक जणी म्हणतील, बोट घालून काढते. न दिसणारी वस्तू बोटाने काढायला गेलं की ती आणखी आत जाते. वर्षाच्या आतल्या बाळाचा श्वास अडकला तर त्याला हातावर पालथं, डोकं खालच्या बाजूला धरून पाठीवर खांद्यांच्या मध्ये पाच थापा द्यायच्या, मग उताणं करून छातीच्या मध्यभागी पाच वेळा दाबायचं, अडकलेलं निघेपर्यंत हे आलटून पालटून करायचं आणि कोणाला तरी 108 ला फोन करायला लावायचा. हे येत नाही म्हणून कुणाला नाकारू नका, आपल्यालाही बहुधा येत नसतं. "दाखवा, मी शिकते" म्हणतात की "आम्ही चार पोरं वाढवली" म्हणतात, एवढं ऐका. शिकवायचं ते दोघींनी मिळून बालरोगतज्ज्ञांकडून शिकून घ्या.

आता विश्वासाचं. माझ्या मते निम्मी मुलाखत आधीच्या घरी केलेल्या फोनवर होते, आणि नेमका तो फोन लोक दोन मिनिटांत उरकतात. "चांगल्या आहेत का?" "हो, खूप चांगल्या." झालं! ब्युरोकडून आलेल्या नंबरवर तर कधी कधी बहीण किंवा ओळखीची कोणीतरी "जुनी मॅडम" होऊन बोलते. म्हणून ताईंनी तुम्हाला काय सांगितलंय ते फोनवर आधी सांगू नका. विचारा की बाळ तेव्हा केवढं होतं, त्या किती वाजता यायच्या, कोणत्या महिन्यात लागल्या. खरी आई पटकन सांगते, "जूनमध्ये, माझी रजा तेव्हाच संपली होती." खोटी मॅडम कौतुक भरपूर करते आणि महिना विचारला की अडखळते. मध्येच एक तपशील मुद्दाम चुकीचा टाका: "तुमच्या दोन्ही मुलांना सांभाळायच्या ना?" मूल एकच असेल तर खरी आई लगेच "दोन नाही हो, एकच" म्हणते. जी "हो हो, दोघांना" म्हणते, तिच्या घरी ताईंनी काम केलेलं नाही.

त्यानंतर विचारायचं ते हे: महिन्यात खाडे किती व्हायचे आणि आधी कळवायच्या का? बाळाला लागलं-खुपलं तर स्वतःहून सांगायच्या की तुम्हाला नंतर कळायचं? काम का सुटलं? शेवटी, "पुन्हा गरज पडली तर घ्याल?" आणि गप्प बसा. समोरच्याने दोन सेकंद घेतले तर त्या दोन सेकंदांत काय होतं ते विचारा. पैशांबद्दल वाईट बोलायला लोक कचरतात, त्यामुळे "घरात काही इकडचं तिकडे झालं का?" हे थेट विचारावं लागतं.

एक पथ्य पाळा. ताई आत्ता ज्या घरी काम करतात तिथे त्यांना न विचारता फोन करू नका. तुमच्याकडे नक्की होण्याआधीच हातातलं काम जाईल. आजवर फक्त धुणी-भांडी केलेली बाई असेल तर त्याच घरांमधून वेळेबद्दल आणि सचोटीबद्दल कळेल, बाळाबद्दल मात्र नाही. तिथे सोबत राहून बघण्याचे दिवस वाढवा.

कागदपत्रांचं थोडक्यात. आधारची झेरॉक्स बघून उपयोग नाही, कार्डावरचा क्यूआर कोड आधारच्या अधिकृत ॲपने स्कॅन करून नाव आणि फोटो जुळतात का ते बघा. मूळ कार्ड ठेवून घेऊ नका. आधारवर गावचा पत्ता असतो, तुम्हाला हवा असतो आत्ता राहतात तो पत्ता आणि घरच्या आणखी एका माणसाचा नंबर. तो नंबर त्यांच्यासमोरच लावून बघा. पोलिसांकडे माहिती जरूर द्या, पण त्यातून नोंद झालेला गुन्हा असेल तरच कळतो. बाळ रडायला लागल्यावर बाईचा आवाज चढतो का, हे कुठल्याच ठाण्यात लिहिलेलं नसतं.

त्यासाठी सोबतीचे दिवस हवेत. रजा संपायच्या निदान दोन आठवडे आधी बोलवा आणि पहिल्या दिवसापासून पैसे द्या. दोन दिवस तुम्ही करा, त्या बघतील. मग त्या करतील, तुम्ही बघा. मग तासभर बाहेर जा, मग अर्धा दिवस. बाहेरून आल्या आल्या साबणाने हात धुतात का? दुपटं घ्यायला वळताना एक हात बाळावर राहतो का? दूध मनगटावर थेंब टाकून बघतात का? भरवताना बाळाने तोंड फिरवलं तर थांबतात की कोंबतात? मुलगी त्यांना बघून रडली तर त्यावरून निकाल लावू नका. सहा ते नऊ महिन्यांच्या सुमारास मुलांना अनोळखी चेहऱ्यांची भीती वाटू लागते, सख्ख्या मावशीलाही बघून रडतात.

अपेक्षांचं बोलणं पगार ठरवण्याच्या आधी करा, नंतर नाही. बहुतेक घरांत काम बिघडतं ते "जरा" या शब्दाने. जरा भाजी निवडा, जरा पोळ्या लाटा, जरा भांडी विसळा. महिनाभरात बाई ओट्याशी आणि बाळ मोबाइलसमोर. बाळाचे कपडे, बाळाची भांडी, बाळाचं जेवण आणि बाळाची जागा, एवढंच काम, असं ठरवा. त्याहून जास्त हवं असेल तर ते काय आणि बाळ झोपलेलं असतानाच, हे लिहा आणि पगारात धरा.

जादा वेळेचं गणितही तेव्हाच करा. समजा पगार 18,000 ठरला, कामाचे दिवस 26 आणि रोजचे साडेनऊ तास. दिवसाला सुमारे 692 रुपये, तासाला 73. ट्रॅफिकमध्ये अडकून तुम्ही साडेसातला पोचलात तर त्या तासाचे 100 रुपये, असं आधीच ठरलेलं असलं की महिनाअखेरीला दोन्हीकडे कुरबुर राहत नाही.

सुट्ट्यांमध्ये फक्त रविवार लिहून भागत नाही. "गावाला कधी जाता?" हे विचाराच. गौरी-गणपती, गावची जत्रा, मे महिन्यात मुलांच्या शाळेची सुट्टी, हे दिवस ठरलेले असतात आणि त्या जाणारच. आत्ता कळलं तर तुमची रजा त्याप्रमाणे लावता येते. आजारपणाची महिन्याला एक-दोन दिवस पगारी सुट्टी द्या. ती नसली तर पैसे कापले जातील म्हणून बाई अंगात ताप घेऊन येते आणि चार दिवसांनी तुम्ही दवाखान्यात बाळ घेऊन बसता. काम सोडताना किंवा थांबवताना दोन्ही बाजूंनी महिनाभर आधी सांगायचं, दिवाळीला बोनस किती, उचल मागितली तर किती आणि कशी फेडायची, हेही त्याच कागदावर येऊ द्या.

कॅमेरा लावणार असाल तर मुलाखतीतच सांगा आणि कुठे आहे ते दाखवा. त्या कपडे बदलतात किंवा आडव्या होतात तिथे नको. त्या जेवणार कुठे, दुपारी पाठ टेकणार कुठे, हेही दाखवा. त्याही तुमची मुलाखत घेत असतात, आणि चहाचा कप वेगळा ठेवणारं घर चांगली बाई पहिल्याच दिवशी ओळखते.

फ्रिजवर एक वही अडकवा: किती वाजता काय खाल्लं, किती झोप झाली, शी-शू, ताप. लिहिता येत नसेल तर व्हॉट्सॲपवर आवाजात सांगू द्यात. दोन आठवड्यांनी एखाद्या दिवशी न सांगता दुपारी अडीचला घरी या आणि वहीत त्या दिवसाचं अडीचपर्यंतचं लिहिलंय का, की संध्याकाळी एकदम भरायचं म्हणून कोरं ठेवलंय, ते बघा.